साथीदार पहिल्यापासूनच एकनिष्ठ आहे, मग मैत्रीचा प्रवास दाखवायचा कसा? (कॅरेक्टर बायबलबद्दल)

ऋचा_धरमपेठ
नमस्कार मंडळी. आम्ही नागपुरातले तिघं मिळून एक छोटा रोल-प्लेइंग गेम करतोय. काळ १८१८ चा. सीताबर्डीची लढाई होऊन काही महिने झालेत, अप्पासाहेब भोसले कैदेतून निसटून महादेवाच्या डोंगरात गेलेत. खेळाडू हा तरुण वैद्य किंवा तरुण वैदीण, निवड खेळणाऱ्याची. नागपूरहून कन्हान ओलांडून, देवगडच्या अंगानं पचमढीकडं जायचं आहे. सोबत वाटाड्या सोमा, वय चाळिशीचं. खेळाडूच्या आईला तिच्या शेवटच्या आजारात त्यानं शब्द दिलाय की लेकराला डोंगरापार सुखरूप पोचवीन.

लिखाण माझ्याकडं आहे. सोमाचं कॅरेक्टर बायबल, म्हणजे तो कसा वागतो-बोलतो याची टीमसाठीची नोंदवही, लिहायला घेतलं आणि तिथंच अडकले. तो पहिल्या दृश्यापासून जीव द्यायला तयार आहे. मग मैत्री वाढते म्हणजे नेमकं काय वाढतं? शेवटाकडं तो आणखी जास्त जीव देणार का? आत्ता माझ्याकडं बावीस पानं आहेत, त्यातली अठरा त्याच्या बालपणाची, आणि वाचायला तो गुळगुळीत वाटतो. बायबलमध्ये काय हवं आणि काय नको?

निशाचर
बालपण ठेवा की. पात्राचा भूतकाळ जितका पक्का तितके संवाद आपोआप सुचतात. आवडतं जेवण, भीती, सवयी, अंगावरचे व्रण, सगळं लिहून ठेवा. तीस पानं झाली तरी हरकत नाही.

जुनी_शुक्रवारी
निशाचर, भूतकाळ लागतो हे खरं, पण बायबल वाचणार कोण? दुसरा लेखक, ॲनिमेटर, आवाज देणारा नट आणि कोड लिहिणारा. चौघांनाही बालपणाची अठरा पानं वाचायला वेळ नसतो. त्यांना एवढंच हवं असतं की या प्रसंगात, या टप्प्यावर सोमा काय करेल आणि काय करणार नाही. भूतकाळातलं जे या उत्तरात बदल घडवतं ते ठेवायचं, बाकीचं वेगळ्या फाईलमध्ये जाऊ द्या.

ऋचा, तुमचा मूळ प्रश्न मात्र पानांचा नाही. निष्ठा आणि मैत्री तुम्ही एकाच पट्टीवर मोजताय, म्हणून वर जायला जागा उरत नाही. सोमाची निष्ठा कुणाशी आहे? खेळाडूशी नाही, एका मेलेल्या बाईला दिलेल्या शब्दाशी आहे. ती पहिल्या दृश्यात पूर्ण आहे आणि शेवटपर्यंत तेवढीच राहू द्या. बदलतं ते दुसरंच. तो खेळाडूला काय सांगतो, काय लपवतो, कधी नाही म्हणतो आणि कुठलं काम त्याच्या हाती सोपवतो, हे बदलतं. निष्ठावान माणूस तुमच्यासाठी मरेल, पण स्वतःचं दुःख तुम्हाला सांगेलच असं नाही. मित्र सांगतो. तुमचा सगळा प्रवास या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत आहे.

म्हणून पहिल्या पानावर तीनच नोंदी लिहा. एक, शब्द काय दिला आणि का दिला. दोन, तो शब्द पाळताना त्याला स्वतःला काय गमवावं लागतं. तीन, कुठल्या गोष्टीला तो कधीच तयार होणार नाही. दुसरी नोंद रिकामी असली की पात्र गुळगुळीत होतं. तुमच्याकडं ती आहे का?

खापरखेडा_एक्सप्रेस
भाऊ, साथीदार लिहिण्याआधी तो दारात अडकून बसत नाही हे पाहा. निम्मी मैत्री तिथंच संपते. अरुंद गल्लीत सोबती वाट अडवतो, खेळाडू त्याला ढकलतो, तो जागचा हलत नाही. त्यावर इलाज म्हणजे खेळाडू त्याच्याकडं थेट चालत आला की त्याला बाजूला सरकवायचं, किंवा तेवढ्यापुरती दोघांची टक्करच बंद करायची. अन् तो खूप मागं राहिला की कॅमेऱ्याच्या पाठीमागं आणून ठेवायचा. समोर हवेतून प्रगट झाला की खेळणारा हसतो.

ऋचा_धरमपेठ
@खापरखेडा_एक्सप्रेस, हे कोडवाल्या मित्राला पाठवलं. प्रश्न लिखाणाचा होता, पण उपयोगी आहे.

@जुनी_शुक्रवारी, दुसरी नोंद खरंच रिकामी आहे. त्याला काहीच गमवावं लागत नाही. तिसऱ्या नोंदीत 'लहान मुलांवर शस्त्र उचलणार नाही' असं लिहिलंय, पण आमच्या गेममध्ये तसा प्रसंगच येत नाही.

जुनी_शुक्रवारी
मग ती नोंद काढून टाका. जो नकार गेममध्ये कधी द्यावाच लागत नाही, तो खेळणाऱ्याच्या लेखी नसतोच.

तुमच्या काळातच मोठा प्रसंग तयार आहे. १८१७ ला बंगालात सुरू झालेली पटकी १८१८ मध्ये मध्य हिंदुस्थानात पसरली होती. वाटेवर पटकी लागलेलं एक गाव ठेवा. खेळाडू वैद्य आहे, त्याला थांबावंसं वाटणार. सोमाला गाव टाळून लांबच्या वाटेनं न्यायचंय, कारण शब्द पोचवण्याचा आहे. एवढ्यावर सोबत्याचा विरोध दिसतो, पण अजून त्याचं काही जात नाही. आता त्या गावात सोमाची सख्खी बहीण दिलेली आहे असं करा. तो हे खेळाडूला सांगत नाही. सांगितलं तर खेळाडू नक्की थांबेल, आणि थांबला तर शब्द मोडायची वेळ येईल. म्हणजे निष्ठेपायी तो स्वतःच्या बहिणीला मागं टाकायला निघालाय, तेही तोंडातून चकार शब्द न काढता.

यातून टप्पे सरळ पडतात. चारच ठेवा. चारापेक्षा जास्त केले की संवादाच्या तक्त्यात कुठलं वाक्य कुठल्या टप्प्याचं हे लिहिणाऱ्यालाच सांगता येत नाही. पहिला, कामापुरता. दुसरा, ओळखीचा. तिसरा, दुरावलेला, म्हणजे बहिणीचं कळल्यानंतरचा. चौथा, मित्र. तिसरा टप्पा दुसऱ्यापेक्षा थंड असला पाहिजे, हे बायबलमध्ये ठळक लिहा. नाहीतर ज्याच्या हाती फाईल पडेल तो आकडा वाढला म्हणून प्रेमही वाढवून ठेवेल.

प्रत्येक टप्प्यासाठी एकच प्रसंग चारदा लिहून दाखवा. नटाला आणि दुसऱ्या लेखकाला टप्पा समजावून द्यायला याहून सोपं काही नाही. तुमचा नदी उतरण्याचा प्रसंग वारंवार येतो, तोच घेऊ. इंक या गेमचे संवाद लिहायच्या भाषेत लिहीत असाल तर असं:

```
VAR soma_tappa = 1

=== nadi_utar ===
{ soma_tappa:
- 1: पाणी खोल आहे जी. मी आधी पाहतो, तुम्ही थांबा.
- 2: घाई नका करू जी. माझ्या मागंमागं या.
- 3: पाणी खोल आहे.
- 4: या खेपी तू पुढं हो. मी मागं आहे.
}
-> DONE
```

पहिल्या तीन टप्प्यांत पाण्यात आधी सोमाच उतरतो. तिसऱ्यात रागावलेला आहे, 'जी' गळालंय, तरी उतरतो तोच, कारण निष्ठा कमी झालेली नाही. चौथ्यात पहिल्यांदा तो खेळाडूला पुढं जाऊ देतो. अंगरक्षकाच्या हिशेबानं हे कामात कसूर आहे, मैत्रीच्या हिशेबानं विश्वास आहे. ॲनिमेटरला हे बायबलमधूनच कळायला हवं, कारण चौथ्या टप्प्यात सोमाची चालण्याची जागा बदलते. तो खेळाडूच्या मागं किंवा बाजूला येतो.

मिहान_नाइटशिफ्ट
चांगलं आहे, पण टप्पा बदलतो कशानं? गुण ठेवणार का? हे केलं की पाच गुण, ते केलं की दोन वजा?

जुनी_शुक्रवारी
सोमासाठी गुण नकोत. २००९ च्या 'ड्रॅगन एज: ओरिजिन्स'मध्ये भेटवस्तू देऊन साथीदारांची मर्जी वाढवता येत होती. खेळणारे लवकरच हिशेब शिकले. वादात मर्जी घटली की पिशवीतून वस्तू काढायची आणि भरपाई करायची. संबंध हा खरेदीचा मामला झाला. २०११ च्या दुसऱ्या भागात त्यांनी पट्टीच बदलली, एका टोकाला मैत्री आणि दुसऱ्या टोकाला स्पर्धा, आणि सतत विरोधात गेलेल्या साथीदाराशीही पक्कं नातं होऊ लागलं. तुमच्या तिसऱ्या टप्प्यासाठी तो विचार जवळचा आहे, कारण भांडलेला सोमाही सोबतच चालणार आहे.

टप्पा घटनेनं बदला. प्रत्येक बदलाला दोन गोष्टी लागतात, आधी घटना आणि मग निवांत जागा. घटना लढाईत किंवा वाटेत घडते, टप्पा मात्र मुक्कामाच्या शेकोटीपाशी बदलतो. घटना घडली त्याच क्षणी आकडा बदलला तर पुढच्याच मिनिटाला लढाईत तो नव्या सुरात ओरडतो, आणि खेळणाऱ्याला सांधा कुठं बसला ते कळत नाही.

मिहान_नाइटशिफ्ट
मुक्कामावर टांगून ठेवलं की दुसरा घोळ होतो. २०२३ च्या 'बाल्डर्स गेट ३'मध्ये बरेच जण मुक्काम करायचेच टाळायचे, वेळ वाया जाईल या धास्तीनं. साथीदारांच्या रात्रीच्या गोष्टी एकतर साचून राहायच्या नाहीतर हुकायच्या. तुमच्या गेममध्ये पटकी पसरतेय, म्हणजे घाई तर सांगितलेलीच आहे. लोक झोपणारच नाहीत.

जुनी_शुक्रवारी
बरोबर पकडलंत. म्हणून ज्या तीन मुक्कामांवर टप्पा बदलतो ते कथेनंच करायला लावायचे. नदीला पूर आलाय, घाटात रात्र झालीय, ताप भरलाय, असं काहीही. बाकीचे मुक्काम ऐच्छिक राहू द्या आणि त्यांवर फक्त चवीच्या गप्पा ठेवा, त्या हुकल्या तरी चालतात. बायबलमध्ये प्रत्येक दृश्यापुढं 'सक्तीचं' किंवा 'हुकलं तरी चालेल' एवढं लिहिलं की पुढं वाद होत नाही.

आरती_वर्धा
वरच्या चार ओळींतलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते 'तुम्ही'वरून 'तू'वर येणं. मराठीत हा बदल एका क्षणात होतो आणि प्रत्येकाच्या कानाला कळतो. म्हणून तो नेमका कुठल्या वाक्यात होतो हे बायबलमध्ये दृश्याच्या नावासकट लिहा. तो एकदाच होऊ द्या. त्या वाक्याआधी एकही 'तू' नको आणि नंतर विनाकारण 'तुम्ही' नको.

नंतरचे अपवादही लिहून ठेवा. दोन अपवाद मला दिसतात. परक्या माणसासमोर, चौकीवर किंवा पाटलाच्या वाड्यात, चौथ्या टप्प्यातला सोमासुद्धा 'तुम्ही' आणि 'जी' म्हणेल, कारण वैद्याचा मान राखायचाय. त्यासाठी वेगळा ध्वज, म्हणजे कोडमधली हो-नाहीची खूण लागेल, `parka_samor` असा काहीतरी. दुसरा अपवाद म्हणजे तो खूप दुखावला असेल तेव्हा. मित्र झाल्यावर अचानक निघालेलं 'तुम्ही' शिवीपेक्षा जास्त लागतं. पूर्ण गेममध्ये एकदाच वापरा.

घोळ नेमका कुठं होतो सांगते. मुख्य दृश्यं जपून लिहिली जातात, पण लढाईतल्या फुटकळ आरोळ्या जुन्याच राहतात. शेकोटीपाशी 'तू' झालं आणि पुढच्या चकमकीत तो ओरडला, 'तुम्ही मागं व्हा!' झालं, सगळ्यावर पाणी. तक्त्यात टप्प्याचा रकाना ठेवा, चौथ्या टप्प्याच्या ओळी गाळून घ्या आणि त्यांत 'तुम्ही', 'तुम्हा', 'तुमच' शोधा. एवढ्यानं सगळं सापडत नाही, कारण 'थांबा', 'वाका', 'या' अशा आज्ञांत सर्वनामच नसतं. त्या ओळी डोळ्यांनीच वाचाव्या लागतात.

निशाचर
यात एक फायदाही आहे. खेळाडू मुलगा की मुलगी हे आधी माहीत नसतं, पण 'तुम्ही आलात' दोघांनाही चालतं. म्हणजे पहिल्या तीन टप्प्यांत एकच वाक्य पुरेल. दोन वाक्यं फक्त चौथ्यात, 'तू आलास', 'तू आलीस'.

भंडारेकर
पुस्तकी मराठीत बरोबर आहे निशाचर, आपल्याकडं नाही. विदर्भात बाईमाणसाला कोणी 'तुम्ही आलात' म्हणत नाही. 'ताई, तुम्ही केव्हा आल्या?' असंच म्हणतात, अन् माणसाला 'केव्हा आले?' सोमा नागपुरी बोलत असेल तर 'तुम्ही'तही फरक पडतोच. अन् नागपुरीची जी खास खूण, 'काय करून राहिला', तिच्यात तर राहिला-राहिली सरळ दिसते.

ऋचा_धरमपेठ
अरे देवा, मग 'राहिला' काढूनच टाकायचं का? सोमाची सगळी चव त्यातच आहे. दोन्ही लिंगांची प्रत्येक ओळ दोनदा रेकॉर्ड करायला आमच्याकडं पैसे नाहीत.

आरती_वर्धा
काढू नका, कर्ता बदला. वाक्य 'तुम्हाले' किंवा 'तुले'वर उभं केलं की क्रियापद खेळाडूच्या मागं जात नाही. 'तू काय पाहून राहिला' ऐवजी 'तुले काय दिसून राहिलं?' चव तीच, मुलगा-मुलगी दोघांना चालतं. 'तुले भूक लागली का?', 'तुले काय वाटून राहिलं?' सगळी तशीच. भूतकाळात जिथं कर्म आहे तिथंही मोकळीक आहे, 'तू मले वाचवलं' कुणालाही म्हणता येतं. आज्ञा आणि भविष्यकाळ तर मोकळेच, 'थांब', 'येशील', 'सांभाळून जाजो'. अडचण फक्त येणं, जाणं, बसणं, राहणं अशा क्रियापदांच्या भूतकाळात आणि कर्ता 'तू' असला की सगळ्याच क्रियापदांच्या वर्तमानकाळात. बायबलच्या भाषेच्या पानावर ही मोकळी वाक्यं दहा-बारा लिहून ठेवा, म्हणजे दुसरा लेखक त्याच साच्यात लिहील. जिथं मोठ्या दृश्यात 'तू आली' असं म्हणावंच लागेल, तिथं दोनदा रेकॉर्ड करा. अशा ओळी थोड्याच निघतील.

भंडारेकर
हे 'तुले दिसून राहिलं' झकास आहे.

बोलीचं एक सांगतो. तीन-चार खुणांवर थांबा. 'मले-तुले', 'जी', 'जाजो-येजो' अन् हे 'राहिलं'. प्रत्येक शब्द वाकवला तर पुण्याच्या खेळणाऱ्याला उपशीर्षकं वाचावी लागतात, अन् नागपूरच्याला वाटते थट्टा करून राहिले. अन् आमच्याकडची झाडीबोली नागपुरीत मिसळू नका. सोमा भंडाऱ्याकडचा की काटोलकडचा, एक ठरवा अन् पानावर लिहा. कान असलेला माणूस पहिल्या दोन वाक्यांत पकडते.

पेंच_काठ
सगळे भाषेवर बोलताहेत, मला मूळ मांडणीबद्दल बोलायचंय. महादेवाच्या डोंगराची वाट जाणणारा १८१८ चा वाटाड्या बहुधा गोंड असणार. मग तयार होतं ते चित्र असं की शहरातला शिकलेला वैद्य आणि त्याच्यासाठी जीव टाकणारा डोंगरातला माणूस. हे इतक्यांदा लिहून झालंय की त्याला मैत्री म्हणवत नाही. सोमा गोंड असेल तर बायबलमध्ये लिहा की आईला शब्द देण्यामागं त्याचं स्वतःचं काय होतं. तिनं त्याच्यासाठी काय केलं होतं? पोचवून झाल्यावर तो कुठं जाणार आहे? वैद्य भेटला नसता तर त्या वर्षी तो काय करत असता? या तीन प्रश्नांची उत्तरं नसतील तर तो माणूस नाही, सामान वाहणारा आहे. आणि गोंडी शब्द वापरायचे तर गोंडी बोलणारं कुणी सोबत घ्या, यादीतून उचलू नका.

जुनी_शुक्रवारी
पेंच_काठ, पूर्ण मान्य. आणि यातून एक कमतरता माझ्याही मांडणीत दिसते आहे, ती आता भरून काढू. मी फक्त सोमाचं 'तुम्ही'वरून 'तू' लिहिलं. पण खेळाडू सोमाला काय म्हणतो? वैद्य त्याला पहिल्या दिवसापासून 'ए सोमा, तू' म्हणत असणार, वयानं अर्धा असूनही. मैत्री व्हायची तर खेळाडूलाही जागा सोडावी लागेल. त्याच्या पर्यायांत दुसऱ्या टप्प्यापासून 'सोमाभाऊ' हा पर्याय द्या, निवडला तर पुढं तोच चालू राहू द्या. एक खाली येतो, दुसरा वर जातो, मध्ये कुठंतरी भेटतात. खेळाडूनं शेवटपर्यंत 'ए सोमा'च म्हटलं तर चौथा टप्पा उघडू नये असं माझं मत आहे.

मिहान_नाइटशिफ्ट
हा छुपा गुणच झाला की. नुसता पुकारण्याचा शब्द चुकला म्हणून शेवट बंद? खेळणाऱ्याला कळणारही नाही कशामुळं बंद झाला.

जुनी_शुक्रवारी
कळेल, सोमाला एकदा बोलू द्या. 'भाऊ म्हणून बोलवा जी, कुत्र्याले बोलवल्यासारखं नको.' दुसऱ्या टप्प्यात, सक्तीच्या मुक्कामावर. त्यानंतरही खेळाडू बदलला नाही तर ती त्याची निवड.

पेंच_काठ
माझा आक्षेप वेगळा. सोमानं 'तू' म्हणावंच कशाला? चाळिशीचा माणूस शेवटपर्यंत 'जी' म्हणत राहील आणि तरी मित्र असेल. आपल्याकडं आयुष्यभर 'अहो-जाहो' करून जिवाभावाचे झालेले लोक आहेत. 'तू' झाला म्हणजे जवळ आला, ही एकच चाल नाही. त्यानं बहिणीबद्दल सांगणं मला पुरतं. चौथी ओळ 'या खेपी तुम्ही पुढं व्हा जी. मी मागं आहे.' अशी केली तरी अर्थ तोच राहतो, उलट जास्त लागतो.

आरती_वर्धा
अर्थ राहतो, पण खेळणाऱ्याच्या कानाला मिळणारी खूण जाते. कथेच्या पुस्तकात तुमचंच चाललं असतं. गेममध्ये माणूस उड्या मारत, लढत, अर्धं लक्ष देऊन ऐकतो. 'तू' त्याला पकडतं.

पेंच_काठ
अर्धं लक्ष देणाऱ्यासाठी लिहायचं का, हाच प्रश्न आहे.

ऋचा_धरमपेठ
दोन्ही लिहून पाहते आणि मोठ्यानं वाचून घेते, मग ठरवू. आता आरोळ्यांचं सांगा. लढाईत आणि वाटेत मिळून बारा प्रसंग आहेत. चार टप्पे, प्रत्येकी तीन पर्याय म्हणजे १४४ ओळी. हे खूप वाटतंय.

मिहान_नाइटशिफ्ट
सगळ्यांना टप्पा लागत नाही. 'शत्रू दिसला', 'बाण संपले', 'वाट बंद आहे' यांत तो खेळाडूशी नात्यानं बोलतच नाही. असे समजा सात निघाले तर त्यांना टप्पा न लावता प्रत्येकी चार पर्याय द्या, अठ्ठावीस ओळी. उरलेले पाच, म्हणजे खेळाडू जखमी झाला, सोमा जखमी झाला, खेळाडूनं वाचवलं, बराच वेळ थांबला, लढाई जिंकली, यांना चार टप्पे गुणिले तीन, साठ ओळी. एकूण ८८. शिवाय कोडमध्ये एकच ओळ लागोपाठ दोनदा येऊ देऊ नका आणि दोन आरोळ्यांत थोडं अंतर ठेवा. चांगली ओळसुद्धा चकमकीत चारदा ऐकली की माणूस आवाज बंद करतो.

तिसऱ्या टप्प्याच्या आरोळ्या लहान ठेवा. रागावलेला माणूस कमी बोलतो. 'खेळाडू जखमी झाला' यावर तिथं नुसतं 'उठा.' पुरतं.

भंडारेकर
आवाजासाठी झाडीपट्टी रंगभूमीवरचा नट पाहा, बोली तोंडात असते. पण त्याले मंडपातल्या शेवटच्या माणसापर्यंत आवाज फेकायची सवय असते, माइकसमोर ते जास्त होते. प्रत्येक ओळीपुढं लिहा, सोमा किती दूरच्या माणसाशी बोलून राहिला. 'शेजारी बसलेला', 'दहा पावलांवर', 'नदीच्या पलीकडं'. नुसतं 'भावनिक' लिहिलं तर त्याचा काही उपयोग नाही. अन् ओरडायच्या ओळी दिवसाच्या शेवटी घ्या, घसा बसल्यावर शेकोटीची कुजबुज निघत नाही.

निशाचर
मान्य करतो, बालपणाची पानं वेगळी ठेवा. पण एक शंका. खेळाडू पटकीच्या गावात थांबलाच नाही तर? सोमा सांगतो तशी लांबची वाट घेतली तर बहिणीचं कळणारच नाही. मग तिसरा टप्पा कुठून येणार?

जुनी_शुक्रवारी
याचं उत्तर बायबलमध्ये हवंच, निम्मे खेळणारे तेच करू शकतात. तिसरा टप्पा दोन्ही वाटांनी येतो, फक्त दुखावणारा आणि दुखावलेला यांची अदलाबदल होते.

खेळाडू थांबला तर रुग्णांतली एक बाई सोमाला 'दादा' म्हणून हाक मारते. खेळाडूला कळतं की हा माणूस सख्ख्या बहिणीला टाकून निघाला होता आणि आपल्याशी बोललाही नाही. सोमाला लाज वाटते, उघडा पडल्याचा राग येतो, तो तुटकपणे बोलतो.

खेळाडू थांबला नाही तर पुढच्या बाजारात सोमाला गावाची बातमी कळते. त्यानं स्वतःच ती वाट दाखवलेली असते, त्यामुळं खेळाडूला दोष देता येत नाही आणि तरी मनातून देतोच. इथंही तो तुटक, पण वेगळा. नजर चुकवतो, जेवत नाही, कामात मात्र कुठं कमी पडत नाही. खेळाडूला कारण विचारावं लागतं, आणि तिथं 'मले सांगायचं होतं' हे त्याचं पहिलं मोकळं वाक्य. ते वाक्य दोन्ही वाटांवर ठेवा, पहिल्या वाटेवर बहिणीच्या खाटेपाशी आणि दुसऱ्या वाटेवर बाजाराबाहेर.

यासाठी टप्प्याच्या आकड्यापासून वेगळे दोन ध्वज लागतील, `gavat_thambla` आणि `bahin_kalali`. एकात एक मिसळू नका. टप्पा म्हणजे त्याला कसं वाटतं, ध्वज म्हणजे कोणाला काय ठाऊक आहे. मिसळलं की पुढच्या मुक्कामावर तो बहिणीचा विषय काढतो आणि खेळाडूला ती आहे हेच माहीत नसतं. बायबलमध्ये एक पान फक्त याचं करा. डावीकडं गोष्ट, मग सोमाला कधी कळतं, खेळाडूला कधी कळतं, आणि त्याआधी कुठल्या दृश्यांत उल्लेख चालणार नाही.

पेंच_काठ
आणि बहिणीला नाव द्या. आत्तापर्यंत इथं कुणीच दिलेलं नाही.

ऋचा_धरमपेठ
मैना. सोमापेक्षा पाच वर्षांनी लहान.

पानांचा क्रम असा लावतेय: पहिलं शब्द, किंमत आणि नकार. दुसरं चार टप्पे आणि नदीच्या चार ओळी, सक्तीच्या तीन मुक्कामांसकट. तिसरं भाषा, त्यात मोकळी वाक्यं आणि दोन्ही बाजूंचे पुकारण्याचे शब्द. चौथं कोणाला काय ठाऊक. पाचवं पेंच_काठ यांचे तीन प्रश्न. मग आरोळ्यांचा तक्ता. नकाराच्या जागी आता 'मैनाच्या गावात दुसऱ्यांदा पाठ फिरवणार नाही' असं लिहिलंय, परतीच्या वाटेवर तो प्रसंग येतो.

रविवारी धरमपेठेत मोठ्यानं वाचन ठेवतोय. चौथी ओळ 'तू' आणि 'जी' दोन्ही रूपांत वाचणार आहोत. कान देऊन ऐकणारे कुणी नागपुरात असतील तर निरोप टाका.

भंडारेकर
मी येतो. सोमा कुठचा ते ठरवलं का?

ऋचा_धरमपेठ
अजून नाही.